पस्तीस लिटरची सॅक खरंच पस्तीसची असते का?

ऑनलाइन बाजारात सॅकच्या फोटोखाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं : ३५ लिटर, १५.६ इंची लॅपटॉप मावतो, ६००डी पॉलिएस्टर, प्रीमियम झिप. पानाच्या तळाशी, बारीक टायपात, लांबी-रुंदी-खोली दिलेली असते. गिऱ्हाईक तिथपर्यंत क्वचितच पोचतं, पण मोजमाप करायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

समजा, तिथे ४७ × ३१ × १९ सेंटीमीटर असं लिहिलंय. तिन्ही आकडे गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. इथे उत्तर येतं साधारण २७.७. तेही सॅक चौकोनी डब्यासारखी असेल तर. प्रत्यक्षात तिचे खांदे गोलाकार असतात आणि पाठीकडचा फोम जागा खातो, म्हणजे वापरण्याजोगी जागा त्याहूनही कमी. मग उरलेले सात-आठ लिटर कुठले? एवढ्याच लांबी-रुंदीत ३५ लिटर बसवायचे तर खोली १९ऐवजी २४ सेंटीमीटर हवी. म्हणजे एकतर खोली सॅक सपाट असताना मोजली आहे, नाहीतर लिटर हौसेने लिहिले आहेत.

क्षमता मोजण्याची शिस्तशीर पद्धत आहे. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक-संस्थेच्या पद्धतीत सॅकमध्ये प्लॅस्टिकचे लहान गोळे भरतात आणि मग त्या गोळ्यांचं घनफळ मोजतात. ट्रेकिंगच्या सॅक बनवणाऱ्या काही कंपन्या ती पाळतात. कॉलेज-ऑफिसच्या स्वस्त सॅकच्या बाबतीत मात्र गुणाकार स्वतःच केलेला बरा.

लॅपटॉपचा घोळ वेगळा. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप असतं, यंत्राचं नव्हे. पडद्याभोवतीची चौकट जाड असली, मागे पंखा आणि हवेच्या फटी असल्या, की तेवढ्याच इंचांचा गेमिंग लॅपटॉप ऑफिसच्या सडपातळ लॅपटॉपपेक्षा लांबीरुंदीने मोठा आणि जाडीला दीडपट भरू शकतो. उलट १६ इंची मॅकबुक प्रो साधारण ३५.६ × २४.८ सेंटीमीटरचा आणि पावणेदोन सेंटीमीटरहून कमी जाड. नावाने तो मोठा, पण '१५.६ इंची' म्हणवणाऱ्या बऱ्याच कप्प्यांत बसून जाईल. म्हणून आपल्या लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी पट्टीने मोजावी आणि कप्प्याचं आतलं माप विक्रेत्याला विचारावं. बाहेरची रुंदी ३१ असली तरी शिवण आणि फोम वजा जाऊन आत २८-२९च उरू शकते.

दुकानात आणखी एक गोष्ट तपासता येते. सॅक टेबलावर उभी करून लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालायचा आणि तळ बोटाने दाबायचा. थेट टेबलाचा कडकपणा लागला, तर रेल्वेच्या डब्यात सॅक जरा जोरात टेकवली की तो धक्का लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसणार. चांगल्या सॅकमध्ये हा कप्पा तळापासून वर उचलून शिवलेला असतो.

आता ६००डी. 'डी' म्हणजे डेनिअर : नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, कापडाची मजबुती नव्हे. मजबुती धाग्याच्या जातीवर आणि विणीवरही ठरते. ४२० डेनिअरचं घट्ट विणीचं चांगलं नायलॉन घासण्याच्या बाबतीत ६०० डेनिअरच्या साध्या पॉलिएस्टरला मागे टाकू शकतं. पाणी अडवतो तो बहुधा कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बंद कपाटात पडून राहिलेल्या सॅकच्या आतून चिकट पापुद्रे सुटतात, तो हाच लेप. शिवाय पाऊस कापडातून कमी आणि चेनमधून, शिवणीच्या भोकांतून जास्त शिरतो. त्यामुळे 'वॉटर रेसिस्टंट' वाचून रेनकव्हर घरी ठेवू नये.

राहता राहिली चेन, आणि सॅक बहुतेक वेळा हिच्यापायीच बाद होते. रनरच्या पाठीवर बऱ्याचदा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो बंद चेनच्या दात्यांची रुंदी अंदाजे मिलिमीटरमध्ये सांगतो. छोट्या खिशांना ५ पुरते. मुख्य कप्प्याला, जिथे कपडे कोंबून चेन ओढली जाते आणि वळणावर सगळा ताण येतो, तिथे ८ किंवा १० बरी. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो. वायकेके या जपानी कंपनीची चेन असेल तर तेवढं नाव मात्र आवर्जून छापलेलं असतं.

चेन ओढल्यावर रनरच्या मागे दाते पुन्हा उघडू लागले, तर पहिला संशय रनरवर घ्यावा. तो झिजून सैल होतो आणि दोन्ही बाजू घट्ट जुळवू शकत नाही. पक्कडीने हलकेच दाबला की काही दिवस चालतो. बाजारातला चेन दुरुस्त करणारा तो बदलूनही देतो. पूर्ण चेन उसवावी लागते ती दाते तुटले किंवा पट्टीच फाटली तर.