रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतताय? आधी हे वाचा

मागच्या उन्हाळ्यात कल्याणचं लग्न उरकून परत येताना माळशेज घाट चढताना माझ्या जुन्या डिझेल कारचा काटा लाल रेषेला लागला. बॉनेटमधून वाफ. गाडीत चार माणसं आणि एक तान्हं बाळ. तासभर सावलीत थांबलो, इंजिन गार झाल्यावर बाटलीतलं पाणी भरलं आणि रडतखडत घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने रेडिएटरचा खालचा पाईप सोडला. चहासारखं तांबडं पाणी बाहेर आलं. वॉटर पंपाची पाती गंजून निम्मी उरली होती. गेली दोन वर्षं पाणी कमी दिसलं की मी विहिरीवरच्या बोअरची कळशी ओतत होतो. चूक माझीच.

झालं काय, तर इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचं. साधं पाणी बिडाला गंज आणतं. त्यातून बोअरच्या पाण्यात क्षार. घरच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळी आतून अरुंद झाली की पाणी फिरत नाही आणि थरातून उष्णताही नीट बाहेर पडत नाही. सपाट रस्त्याला काही कळत नाही, चढाला बरोबर कळतं.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी, असा आपल्याकडे समज आहे. ते मुळात ग्लायकॉल असतं आणि त्यात गंज रोखणारी औषधं असतात. उकळण्याचं म्हणाल, तर उघड्या भांड्यात पाणी 100 अंशाला उकळतं आणि निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण 107 च्या आसपास. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून गाडीत हेच आकडे साधारण 120 आणि 130 च्या जवळ जातात. म्हणजे झाकणाचा फायदा कूलंटपेक्षा मोठा! झाकणाचं रबर चिरलं असेल तर भारी कूलंट टाकूनही गाडी वाफ सोडणार. मग आपल्या भागात कूलंट कशाला? मुख्यतः गंजासाठी.

आता प्रमाण. नुसतं कूलंट भरलं तर जास्त चांगलं, असं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे, त्यामुळे निव्वळ कूलंटवर इंजिन उलट जास्त तापतं. पण एक तृतीयांशापेक्षा कमी झालं तर गंजरोधक औषध पातळ पडतं. म्हणून निम्मं-निम्मं हे सोयीचं प्रमाण. डबा घेताना तो घट्ट कूलंटचा आहे की पाणी घालून तयार केलेला, हे वाचून घ्या. तयार मिश्रणात आणखी पाणी घालायचं नसतं.

इथेच माझी दुसरी चूक होणार होती. माझ्या गाडीत एकूण 6 लिटर मावतं. आतला गाळ धुऊन निघावा म्हणून साधं पाणी फिरवून ते सोडून दिलं, तर बाहेर पडलं साडेचार लिटरच. दीड लिटर ब्लॉकमध्येच राहिलं. वरून साडेचार लिटर तयार मिश्रण ओतलं असतं तर त्यात कूलंट फक्त सव्वादोन लिटर. सहा लिटरात सव्वादोन, म्हणजे 37.5 टक्के. मेकॅनिकने मग आधी 3 लिटर घट्ट कूलंट ओतलं आणि वर दीड लिटर डिस्टिल्ड पाणी. आतलं दीड धरून हिशोब निम्म्यावर आला. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. बॅटरीचं ॲसिड मात्र चुकून उचलू नका.

वाटेत अडलात तर साधं पाणी चालतं, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. घरी आल्यावर प्रमाण पुन्हा नीट करून घ्या. पाणी सारखंच कमी होत असेल तर गळती शोधा. नुसती भर घालत राहिलात तर कूलंट पातळ होत जातं. सहा लिटरातून सहा वेळा अर्धा-अर्धा लिटर गळून तेवढं पाणी भरलं, की 50 टक्क्यांचं 30 टक्के होतं.

हिरवं, लाल, निळं या रंगांवरून प्रकार ठरत नाही. कंपनीगणिक रंग वेगळा. वेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र आली की कधी कधी चिकट गाळ तयार होतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार बघा. किती वर्षांनी बदलायचं, तेही त्यातच असतं.

आणि सोडलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला ते गोड असतं. कुत्रं किंवा शेरडं तोंड लावतात, लहान मूलही चाटेल, आणि पोटात गेलं की किडन्या जातात. माझं मी जुन्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे दिलं.