घर बापाचे, मग मुलाला आणि सुनेला बाहेर काढता येते काय?

बापाच्या घरावर मुलाचा जन्मापासूनच हक्क असतो, असे आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास मानले जाते. उलट, घर माझ्या नावावर आहे तेव्हा मुलगा-सून दोघांना एकाच दिवशी हाकलीन, असे बाप म्हणतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मुलाची स्थिती वेगळी आणि सुनेची वेगळी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. रेल्वेतून निवृत्त झालेल्या ७१ वर्षांच्या गृहस्थाने भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून नागपुरात दोन खोल्यांचे घर घेतले. खरेदीखत त्यांच्या नावे आहे. मुलगा ३८ वर्षांचा. दारू पिऊन आईच्या अंगावर धावतो, बायकोलाही मारतो. सहा वर्षांची नात आहे.

हे घर बापाची स्वकष्टार्जित मिळकत आहे. बाप हयात असेपर्यंत मुलाचा त्यात कोणताही हिस्सा नाही. तो राहतो तो केवळ परवानगीने. आपण बौद्ध असलो तरी मिळकतीच्या बाबतीत १९५६ चा हिंदू वारसा कायदाच आपल्याला लागू आहे. त्यानुसार घर एकत्र कुटुंबाचे वडिलोपार्जित असेल तर मुलाचा त्यात हिस्सा असतो व त्याला असे काढता येत नाही. मात्र आजोबांनी स्वतः कमावलेले घर १९५६ नंतर वारशाने बापाकडे आले असेल, तर आपल्या वाट्यापुरते ते बापाचेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच हे स्पष्ट केले आहे.

मुलाला काढण्याचा जवळचा मार्ग म्हणजे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा. महाराष्ट्रात त्याखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात असते. या कायद्यात घराबाहेर काढण्याचे स्पष्ट कलम नाही. परंतु वृद्धांच्या निर्वाहासाठी व संरक्षणासाठी आवश्यक असेल तर तसा आदेश देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. 'आवश्यक असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रकरणात न्यायालयाने मुलाला काढण्यास नकार दिला. न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर मुलाने त्रास दिल्याचा पुरावा नव्हता आणि मालकीचा वादही दिवाणी न्यायालयात होता. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतील ८० वर्षांच्या बापाला त्याच न्यायालयाने न्याय दिला. तिथे मुलगा खोल्या बळकावून बापालाच राहू देत नव्हता. म्हणजे मालकीचा कागद हवाच, पण त्रासाचा पुरावाही हवा.

आता सून. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ ने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासऱ्याचे असेल तर हा हक्क लागू नाही, असे २००६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते. तो निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने रद्द ठरवला. हा हक्क मालकीचा नाही, कायमचाही नाही. पण कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला काढता येत नाही. कुलूप बदलणे, भांडी रस्त्यावर फेकणे हे बेकायदा आहे.

डिसेंबर २०२० चे प्रकरण बंगळुरूचे होते. नवऱ्याने घेतलेले घर आधी सासऱ्याच्या नावे झाले, मग नवरा-बायकोचा खटला सुरू झाल्यावर सासूच्या नावे गेले, आणि मग सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक म्हणून सुनेला काढण्याचा आदेश मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हाताऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा बाईला बेघर करण्याचे हत्यार होऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ.

मग नागपूरच्या बापाने काय करावे? प्रांताकडे अर्ज केवळ मुलाविरुद्ध करावा. सोबत खरेदीखत, कर पावती, पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंदींच्या प्रती आणि आईच्या उपचाराचे कागद जोडावेत. कोणत्या दिवशी काय घडले ते तारखेनिशी लिहावे. सून त्रास देत नसेल, स्वतःच मार खात असेल, तर तिला अर्जात ओढू नये. तिने दंडाधिकाऱ्याकडे २००५ च्या कायद्याखाली वेगळा अर्ज करावा. कलम १९ खाली नवऱ्याला घराबाहेर जाण्याचा आदेश तिलाही मिळू शकतो. उद्या तिचे आणि सासू-सासऱ्यांचे एकत्र राहणे खरोखरच अशक्य झाले, तर त्याच कलमाखाली तिच्यासाठी दुसरी जागा किंवा तिचे भाडे नवऱ्याकडून मागता येते.

निकाल विरुद्ध गेला तर आईवडिलांना ६० दिवसांत अपील करता येते. ही मुदत चुकवू नये. आणि मुलाच्या गोड बोलण्यात येऊन घर त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याआधी, आमचा सांभाळ करील, ही अट त्या कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. ही अट असेल आणि मुलाने ती मोडली, तरच कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घर परत मागता येते.