तीन पट्ट्या, एकच औषध

सोसायटीच्या सभागृहात जमलेल्या रहिवाशांपुढे फार्मासिस्टनी गोळ्यांच्या तीन पट्ट्या ठेवल्या. एक तापाची, एक सर्दीची आणि एक गुडघेदुखीची. ‘या तिन्हींत सारखं काय आहे, ते वाचून सांगा,’ असं ते म्हणाले. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी चष्मा चढवून मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींवर पॅरासिटॅमॉल होतं.

मग त्यांनी फळ्यावर बेरीज मांडली. ताप आलेल्या माणसाने ६५० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, तर २,६०० मिलीग्रॅम झाले. सर्दीच्या गोळीत ५०० मिलीग्रॅम असतील आणि ती तीनदा घेतली, तर आणखी १,५०० वाढले. गुडघा दुखतो म्हणून घेतलेल्या जोडगोळीत आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटॅमॉल असतं. अशा दोन गोळ्यांचे ६५०. एकूण ४,७५०! निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४,००० मिलीग्रॅम आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर मर्यादा त्याहूनही खाली येते.

यातला खरा धोका म्हणजे तो लगेच कळत नाही.

पॅरासिटॅमॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. एरवी यकृत तो निकामी करतं. मात्रा फार झाली की त्याची ती क्षमता संपते आणि पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी मळमळ होते, कधी काहीच होत नाही. मग दोन-तीन दिवसांनी उजव्या बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे होतात. यावरचं उतारा-औषध पहिल्या आठ तासांत सुरू झालं, तर सर्वांत प्रभावी ठरतं. त्यामुळे मात्रा जास्त झाल्याचं लक्षात येताच, त्रास होत नसला तरी, पट्ट्या घेऊन रुग्णालय गाठायला हवं.

‘मग आयब्युप्रोफेनच घेतलेलं बरं का?’ एका आजोबांनी विचारलं. त्याचे धोके वेगळे आहेत, असं फार्मासिस्टनी सांगितलं. त्याने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौच ही त्याची खूण. रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत ते मूत्रपिंडावरही ताण आणतं. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल, तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा तापासाठी पॅरासिटॅमॉलच, पण मर्यादेत.

दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या. ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर आणखी गोळ्या विकत न घेता डॉक्टरांना दाखवा. आणि औषधाच्या दुकानात जाताना घरात सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.