व्याज मुद्दलात कधी मिसळतं?

२०११ च्या नोव्हेंबरपर्यंत पोस्टात सहा वर्षांचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र मिळायचं. व्याज दसादशे ८ टक्के, आकारणी सहामाही. शंभराचे मुदतीअखेर १६० रुपये १० पैसे व्हायचे. हा आकडा येतो कसा, हे पाहिलं की चक्रवाढीतली निम्मी गफलत मिटते.

वर्षाला ८ म्हणजे सहा महिन्यांना ४ टक्के. सहा महिन्यांनी शंभराचे १०४ झाले, पुढचे ४ टक्के त्या १०४ वर, म्हणून वर्षअखेर १०८.१६. दर सहामाहीला रक्कम १.०४ पट होते. सहा वर्षांत अशा बारा सहामाही, म्हणून गुणक १.०४ चा बारावा घात, म्हणजे १.६०१. पुष्कळ जण दर निम्मा करतात, पण घात सहाच ठेवतात. मग उत्तर १२६.५३ येतं. काही जण घात बारा करून दर ८ च ठेवतात, तेव्हा शंभराचे थेट २५१.८२ होतात. दर वर्षी एकदाच आकारणी असती तर १५८.६९ मिळाले असते. खरं उत्तर त्याहून थोडंसंच जास्त असायला हवं. उत्तर फार दूर गेलं, की दर आणि घात यांपैकी एक बदलायचा राहिलाय हे नक्की.

दर मध्येच बदलतो तेव्हा घात चालत नाही, प्रत्येक वर्षाचा गुणक वेगळा लिहून गुणावा लागतो. पीपीएफचंच घ्या. २०१८-१९ मध्ये पहिली सहामाही ७.६ टक्के होती, दुसरी ८ टक्के. इथे हात आपोआप १.०३८ × १.०४ लिहायला जातो, आणि ते चूक आहे. पीपीएफचं व्याज मोजतात महिन्यामहिन्याला, पण खात्यात जमा होतं ३१ मार्चलाच. वर्षाच्या आत व्याजावर व्याज नाही, त्यामुळे ३.८ आणि ४ यांची नुसती बेरीज: गुणक १.०७८. पुढच्या वर्षी एक तिमाही ८ आणि तीन तिमाही ७.९ टक्के, म्हणून १.०७९२५. २०२०-२१ मध्ये वर्षभर ७.१, म्हणजे १.०७१.

तिन्हींचा गुणाकार १.२४६०. एप्रिल २०१८ च्या सुरुवातीला खात्यात असलेले एक लाख तीन वर्षांत सुमारे १,२४,६०० झाले. नुसती टक्क्यांची बेरीज केली तर १,२२,८२५ येतात. मधले पावणेदोन हजार व्याजावरच्या व्याजाचे. गुणकांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं, मात्र मध्ये पैसे भरले वा काढले नसतील तरच. नव्या भरण्याला त्यानंतरचेच गुणक लागतात.

तेव्हा ठेवीचा हिशेब मांडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: व्याज खात्यात जमा कधी होतं, आणि त्या मुदतीला दर किती पडतो. दर जमेला एक गुणक लिहा.