डायमध्ये शाम्पू, तेल की कंडिशनर?

केस कमी खराब व्हावेत म्हणून अनेक घरांत डाय कालवताना त्यात चमचाभर शाम्पू, खोबरेल किंवा कंडिशनर घालतात. कायमस्वरूपी डायच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे.

या डायमधला अमोनिया किंवा तत्सम अल्कली केसाचे बाहेरचे पापुद्रे उघडते. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे केसाच्या आतच रंग तयार होतो. केसाची हानी होते ती याच क्रियेत.

समजा, ४० ग्रॅम क्रीममध्ये ६ टक्क्यांचा ४० मिली डेव्हलपर घातला, तर मिश्रणात पेरॉक्साइड साधारण ३ टक्के उरते. त्यात दोन मोठे चमचे कंडिशनर घातले की ते सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय कंडिशनर आम्लधर्मी असल्याने अल्कलीही मंदावते. हानी थोडी कमी होईलही, पण रंगही तितकाच कच्चा बसतो. पांढरे केस डोकावतात, आणि मग आपण डाय जास्त वेळ ठेवतो किंवा लवकर पुन्हा लावतो. वाचवलेले सगळे तिथेच जाते. शाम्पूनेही मिश्रण असेच पातळ होते.

खोबरेल खरोखर उपयोगी आहे, कारण ते केसात मुरते आणि प्रथिनांची झीज कमी करते. मात्र ते डायमध्ये न मिसळता आदल्या रात्री केसांना हलके लावावे.

पीपीडीची अ‍ॅलर्जी यांपैकी कशानेही टळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी घ्या आणि खाज सुटली तर तो डाय वापरूच नका.