कडीकोयंडा उचकटलेला दिसला, त्यानंतरची फिर्याद

लग्नासाठी किंवा देवदर्शनासाठी चार दिवस बाहेर गेलेलं कुटुंब परत येतं, तेव्हा दाराचा कोयंडा लोंबकळत असतो आणि आत कपाटातलं सगळं पलंगावर उपसलेलं असतं. अशा वेळी पाय आधी कपाटाकडे धावतात. खरं तर तिथूनच माघारी फिरावं आणि 112 ला फोन लावावा. ठसे तज्ज्ञांना हवे असलेले ठसे लॉकरच्या दारावर, ड्रॉवरच्या कडेवर असतात आणि आवराआवरीत तेच सगळ्यात आधी पुसले जातात. तुटलेलं कुलूपसुद्धा पडलं असेल तिथेच राहू द्यावं, कारण पंचनाम्यात ते जप्त होतं.

मग ठाण्यात बसून फिर्याद द्यायची. तिथे पहिलाच प्रश्न येतो तो ‘चोरी कधी झाली?’ हा. याचं उत्तर घरमालकाला माहीत नसतं, पण काहीतरी सांगायला हवं म्हणून बरेच जण ‘काल रात्री झाली असावी’ असं म्हणून टाकतात. हा अंदाज पुढे महागात पडू शकतो. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 मध्ये चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वेळ ठरवणं हे तपासाचं काम. आपण फक्त दोन टोकं सांगायची.

समजा, साताऱ्यातलं एक कुटुंब लग्नासाठी रत्नागिरीला गेलं होतं. त्यांच्या फिर्यादीतला मजकूर असा असायला हवा: ‘दि. 12 रोजी सकाळी 7 वाजता मी स्वतः दाराला कुलूप लावून निघालो. दि. 15 रोजी रात्री 9.30 वाजता परत आलो असता कडीकोयंडा उचकटलेला दिसला. या दरम्यान कोणीतरी अज्ञात चोरट्याने बंद घरात प्रवेश करून खालील ऐवज चोरून नेला.’ शेजारच्या काकूंनी 14 तारखेला संध्याकाळी दार नीट पाहिलं असेल, तर तेही लिहावं. चार दिवसांचा काळ त्यामुळे एका दिवसावर येतो आणि पोलिसांना सीसीटीव्हीचं चित्रण नेमकं तेवढंच बघता येतं. कामवालीवर किंवा भाडेकरूवर संशय असेल तर तो संशय म्हणूनच, कारणासकट सांगावा. ‘तिनेच नेलं’ असं लिहू नये.

फिर्यादीचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ऐवजाची यादी, आणि दुर्दैवाने लोक नेमकी तीच घाईत उरकतात. ‘अंदाजे दहा तोळे सोनं’ एवढ्यावरून कोणाचंच काही ओळखता येत नाही. ‘काळ्या मण्यांचं दोन पदरी गंठण, वाट्यांसह, 25 ग्रॅम, दोन पाटल्या, 40 ग्रॅम, आतल्या बाजूला सराफाचा शिक्का’ असं प्रत्येक वस्तूचं वेगळं वर्णन द्यावं. भाव रोज बदलतो, त्यामुळे वजन लिहिणं जास्त महत्त्वाचं. पावती सापडत नसेल तर लग्नाच्या फोटोत गळ्यात दिसणारा दागिनाही उपयोगी पडतो. चोर सापडेपर्यंत पुष्कळदा दागिन्याची लगड झालेली असते. तेव्हा ती आपलीच हे पटवायला वजन आणि सराफाचा जबाब यांचाच काय तो आधार उरतो.

दोन दिवसांनी देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं गेल्याचं लक्षात आलं तर पुरवणी जबाब देता येतो. मात्र ती आधी का आठवली नाहीत, हे त्यात लिहावं. आणि जे गेलंच नाही ते यादीत घालू नये. चोराकडचा मुद्देमाल आणि आपली यादी जुळली नाही, की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

कागद देऊन बाहेर पडताना हातात काय आहे ते बघावं. अर्जावर मारलेला शिक्का आणि आवक क्रमांक ही निव्वळ पोहोच असते. गुन्हा दाखल झाला म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात नोंद घ्यायला नकार मिळाला, तर तीच फिर्याद लेखी, टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

माल सापडला तरी तो पोलिस थेट घरी आणून देत नाहीत. न्यायालयात अर्ज करून, बंधपत्र देऊन ताबा घ्यावा लागतो. मुद्देमाल ठाण्यात उगाच अडकवून ठेवू नये, आधी पंचनामा आणि फोटो करून तो द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. खटला संपण्याची वाट न बघता वकिलामार्फत हा अर्ज करता येतो.

आणि चोर सापडलाच नाही तर पोलिस न्यायालयाकडे ‘अ’ समरी मागतात. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाला नाही, असा तिचा अर्थ. घराचा विमा असेल तर दाव्यासाठी कंपनी बहुधा हाच कागद मागते. ‘अ’ समरी झाली म्हणून प्रकरण कायमचं मिटत नाही. वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्याच जिल्ह्यात पकडलेल्या टोळीने साताऱ्यातल्या त्या घराचं नाव घेतलं, तर तपास पुन्हा सुरू होतो.