तीन दिवस, आठ स्लाइड आणि सोमवारची सुट्टी

इन्स्टाग्रामवर हल्ली सहलीचा अख्खा बेत एकाच पोस्टमध्ये मिळतो. बोटाने सरकवत जायचं: पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, मग खर्च, शेवटी सूचना. याला कॅरोसेल म्हणतात. एका पोस्टमध्ये आता २० स्लाइडपर्यंत टाकता येतात, पण तीन दिवसांच्या सहलीला आठ पुरतात. लोक ही पोस्ट सेव्ह करून ठेवतात आणि चार महिन्यांनी तीच उघडून निघतात. म्हणूनच ती नुसती देखणी असून भागत नाही, ती वाटेत उपयोगी पडायला हवी.

छत्रपती संभाजीनगरची सहल घेऊ. सर्रास दिसणारा बेत असा: पहिल्या दिवशी बीबी का मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी अजिंठा, तिसऱ्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ. शनिवारी निघालात तर हा क्रम उत्तम. हाच क्रम रविवारी सुरू केला तर मात्र अजिंठा सोमवारी येतो आणि वेरूळ मंगळवारी. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे ज्या दोन जागांसाठी एवढा प्रवास केला, त्या दोन्ही हुकल्या! ‘सोमवारी बंद’ ही सूचना आठव्या स्लाइडवर बारीक अक्षरांत असून काही उपयोग नाही. तिथवर निम्मे लोक पोचतही नाहीत. ती अजिंठ्याच्या स्लाइडवर, नावाच्या खालीच हवी. त्याहून बरं म्हणजे ‘दिवस २’च्या जोडीने ‘रविवार’ असा वारच लिहावा. रविवारी निघणाऱ्यांसाठी एक ओळ पुरते: रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी शहर.

दिवसाच्या स्लाइडवर पाच-सहा ठिकाणांची यादी कोंबण्यापेक्षा वेळ कुठे जातो ते सांगावं. अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटर आहे, जायला अडीच तास तरी धरावे लागतात. शिवाय आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती उभी करून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं, मग पायऱ्या. त्यामुळे अजिंठ्याच्या दिवसात दुसरं काही बसवू नये. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे, तेव्हा सकाळी दौलताबादचा किल्ला चढावा आणि दुपारनंतर, ऊन दर्शनी भागावर आलं की कैलास बघावं. उन्हात किल्ला चढायचंही टळतं.

आता खर्चाची स्लाइड. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण तिच्यावर ‘रोज इतके रुपये’ एवढंच असतं आणि माणसं किती ते नसतं. अजिंठ्याचा दिवस मांडून बघू. खोली दोघांत १,८०० रुपयांची, दिवसभराची गाडी ४,००० ची, जेवणखाण माणशी ५०० धरू. देशी पर्यटकाचं तिकीट ४० रुपये. दोघं असतील तर माणशी ३,४४० रुपये होतात. चौघांनी दोन खोल्या आणि एकच गाडी घेतली तर २,४४०. एकटा माणूस गेला तर ६,३४०. दिवस तोच, गाडी तीच, पण आकड्यात अडीचपटीचा फरक. म्हणून या स्लाइडवर दोन गट वेगळे दाखवावेत: गाडी आणि खोली, ज्यांचा खर्च वाटला जातो, जेवण आणि तिकीट, जे प्रत्येकाचं वेगळं. बेरजेखाली ‘दोघांसाठी, माणशी’ हे शब्द हवेतच. घरून तिथवर जायचं भाडं धरलंय की नाही, तेही लिहावं. मुंबईकराला आणि जालनेकराला ते सारखं पडत नाही.

आणखी एक अडचण आहे. पोस्ट एकदा टाकली की चित्रावर लिहिलेला आकडा बदलता येत नाही. कॅप्शन मात्र केव्हाही सुधारता येतं. दर तर बदलतातच. त्यामुळे खर्चाच्या स्लाइडवर महिना आणि वर्ष ठळक टाकावं, आणि तिकिटं, वेळा, बंदचे वार कॅप्शनमध्येही द्यावेत. दर बदलला की तिथे दुरुस्ती करता येते.

मांडणीबद्दल एवढंच की उभी, १०८० बाय १३५० पिक्सेलची स्लाइड फोनवर जास्त जागा घेते आणि वाचायला सोपी जाते. टाकण्याआधी फोन हातभर लांब धरून बघावा. अक्षरं वाचता आली नाहीत तर मजकूर कमी करावा, अक्षरं बारीक करू नयेत.

शेवटच्या स्लाइडवर त्या जागेच्याच सूचना याव्यात. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश चालत नाही. आत अंधार असतो, डोळे सरावायला क्षणभर थांबावं लागतं. दौलताबादच्या अंधारी वाटेत हातात विजेरी असलेली बरी. ‘पाणी सोबत ठेवा’ हे कुठेही चालतं, त्यावर जागा घालवू नये.

आणि तुम्ही अशी पोस्ट सेव्ह करून निघणार असाल, तर खोली ठरवण्याआधी तिच्यावरची तारीख बघा आणि आपले तीन वार त्या क्रमाशी ताडून घ्या.